मुडद्या म्हणजे मेलेला माणूस नव्हे

आमच्या भागातली माणसं शिव्या फार देतात, असं बाहेरून आलेला प्रत्येक जण सांगतो. ते खोटं नाही. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या पिशवीला टेकून दोन माणसं घटकाभर बोलली, तर त्यांच्या बोलण्यात जेवढा कांदा येतो तेवढीच एकमेकांची आई येते. तेही खरंच. पण तेवढ्यावरून पाहुणा पुढं जाऊन 'म्हणून ही माणसं रानटी' असा निकाल देतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्यानं शिव्या मोजलेल्या असतात, जोखलेल्या नसतात. पन्नास पोती मोजली म्हणजे पन्नास पोती धान्य झालं असं होत नाही. पोत्यात भुसा असेल तर?

शिवी जोखायची कशी, याचं शिकलेल्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. शब्दकोश काढायचा, शब्दाचा अर्थ बघायचा, अर्थ जेवढा घाण तेवढी शिवी मोठी. माझं भांडण या काट्याशी आहे. या काट्यावर घातलं की हलकं जड दिसतं, हे एक. पण त्याहून वाईट म्हणजे जे खरोखर जड, काळजात रुतून बसणारं, ते या काट्यावर शून्य भरतं आणि सुटून जातं. पहिल्या चुकीनं फार तर एखादी म्हातारी बदनाम होते. दुसरीनं माणूस मरतो, नाहीतर गाव सोडतो.

म्हातारीपासूनच सुरू करतो.

आमची आजी कुणालाही नावानं हाक मारत नसे. नातवंडांना मुडद्या, मेल्या, भाड्या; नातींना भवाने, सटवे, टवळे; आणि सगळ्यांना मिळून 'रांडेच्याहो'. मुडदा म्हणजे प्रेत. आता बघा, एक बाई सकाळी चुलीपुढं बसून आपल्या सहा वर्षांच्या नातवाला म्हणते, "मुडद्या, गरम हाय तवर खा की." कोशाप्रमाणं ती प्रेताला भाकरी वाढतेय. 'भवाने'चा अर्थ काढाल तर ती नातीला तुळजापूरच्या देवीचं नाव देतेय आणि 'सटवे'चा काढाल तर पाचवीला येऊन कपाळावर नशीब लिहिणाऱ्या सटवाईचं. म्हणजे नातवाला शाप आणि नातीची पूजा? दोन्ही नव्हे. दोन्ही शब्दांचं वजन एकच, 'अरे' आणि 'अगं' यांच्यापेक्षा जरासं जास्त. 'अरे'त जेवढी माया मावत नाही तेवढी वरची 'मुडद्या'त मावते, एवढाच फरक.

पण आजीला शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक नव्हता असं समजू नका. माझ्या धाकट्या चुलतभावाला टायफॉईड झाला होता. तीन आठवडे पोर अंथरुणाला खिळलेलं. त्या तीन आठवड्यांत आजीच्या तोंडातून मुडद्या, मेल्या हे शब्द एकदाही बाहेर पडले नाहीत. आजारी पोराला तर नाहीच, आम्हा धडधाकट पोरांनाही नाही. सगळ्यांना बाळा, सोन्या, राजा. आम्हाला ते ऐकून भीती वाटायची. पोर उठून ओसरीवर आलं, पेजेचं ताट उपडं केलं, आणि आजी ओरडली, "मुडद्या, सांडलीस व्हय सगळी!" आई आतून बाहेर आली आणि पदर डोळ्याला लावून हसली. पोर बरं झालं हे घराला त्या शब्दानं कळलं. शब्दाचा अर्थ असा झोपलेला असतो, मेलेला नसतो. मरण उंबऱ्यावर आलं की तो जागा होतो, आणि तेव्हा शहाणं माणूस तो शब्द जिभेवर घेत नाही.

मग आजी खरंच रागावली की काय म्हणायची? हे ऐकण्यासारखं आहे. माझ्या एका चुलत्यानं ऐन पेरणीच्या तोंडावर बैल विकला आणि पैसे चार दिवसांत उडवले. पाचव्या दिवशी तो घरी आला. आम्ही पोरं माडीवर जाऊन बसलो, आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून. आजी उठली, पाट मांडला, तांब्या भरून ठेवला आणि म्हणाली, "या पाव्हणं. बसा. लांबून आलासा."

एवढंच. एकही वाईट शब्द नाही. चुलता तिथंच उंबऱ्याला धरून बसला आणि रडायला लागला. म्हणायला लागला, "आये, जोड्यानं मार, पर आसं बोलू नगंस." आजीनं त्याला आठ दिवस 'आवो-जावो' केलं. नवव्या दिवशी 'भाड्या, जनावरांस्नी पानी कुनी पाजायचं?' असं ऐकल्यावर त्याच्या जिवात जीव आला. आता कोश घेऊन बसा आणि सांगा, यातली शिवी कोणती?

तर वजन शब्दात नाही. मग कशात आहे? ते हवेत आहे, ज्याचं त्यानं समजावं, असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. आमच्या बोलीत शिवी जोखण्याच्या खुणा अगदी उघड्या आहेत आणि गावातल्या दहा वर्षांच्या पोरालाही त्या कळतात.

पहिली खूण म्हणजे शिवी हाकेत आली की वाक्यात. 'रांडेच्या, हिकडं ये' ही हाक आहे. कुणाच्या आईविषयी तिथं काहीच सांगितलेलं नाही. 'हिकडं ये' हे खरं बोलणं, आणि पहिला शब्द नुसता खांद्यावर ठेवलेला हात. पण 'तो रांडंचा हाय' म्हटलं, सावकाश, डोळ्यांत बघून, की ते विधान झालं. आता त्याच्या आईविषयी काहीतरी सांगितलं गेलं आणि त्याला उत्तर द्यावं लागेल. शब्द तोच. हाक मारताना पीस, विधान करताना दगड. 'भाड्या, जेवलास का?' यावर 'व्हय' असं उत्तर येतं. 'तू भाडखाऊ आहेस' यावर उत्तर येत नाही, काठी येते.

दुसरी खूण 'तुझ्या' या शब्दाची. 'आयला' किंवा 'च्यायला' हे मराठीत शिवी म्हणून कुणी ऐकतसुद्धा नाही. पाय ठेचला, च्यायला. पाऊस आला, आयला. पोरगं पास झालं, च्यायला! हे 'त्याच्या आईला', 'तिच्या आईला' यांचे तुकडे आहेत, आणि तुकडा पडताना आई कुणाची तेही गळालं आणि तिला काय करायचं तेही गळालं. राहिला तो नुसता सुस्कारा. पण याच तुकड्याच्या मागं 'तुझ्या' परत जोडा, 'तुझ्या आयला' म्हणा, की माणूस उभा राहतो. कारण आता आईला मालक मिळाला. सगळी शिवी त्या एका 'तुझ्या'त होती.

तिसरी खूण शिवीच्या आधीची नाही, नंतरची. पुढं काय आलं? भाकरी आली, तंबाखूची चंची पुढं सरकली, निदान दुसरीकडून बरोबरीची शिवी आली आणि दोघं हसले, तर ती शिवी नव्हतीच. शांतता आली तर ती होती.

वजन कायमचं ठरलेलंही नसतं. 'तुला पटकी आली' हे आमच्या म्हाताऱ्या सर्रास म्हणत. पटकी म्हणजे कॉलरा. एका रात्रीत घरं मोकळी व्हायची त्या काळात या शब्दानं माणसाच्या अंगावर काटा येत असणार. मरीआईचा गाडा वेशीबाहेर काढून सोडणाऱ्या गावात तो शब्द थट्टेत निघाला नसता. रोग हटला आणि शब्दातला काटाही झिजला. आज एखाद्या पोराला 'पटकी' म्हणजे काय ते विचारा, त्याला वाटेल डोक्याला बांधायचं काहीतरी. असं सगळीकडं होतं. 1914 साली लंडनला बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकात नायिकेनं 'ब्लडी' हा शब्द रंगमंचावर उच्चारला तेव्हा केवढी खळबळ माजली होती. त्याच नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं. आज तो शब्द इंग्रजीत आपल्या 'च्यायला'च्याच घरात राहतो. त्याचा अर्थ 'रक्ताळलेला' असा लावून कुणी इंग्रज माणसाला हिंसक ठरवत नाही. मग आमच्या म्हाताऱ्यांनीच काय घोडं मारलंय?

आणि ज्याला हे सगळं पटत नाही त्यानं एकदा श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या मधल्या ओढ्यावर यावं. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. या काठाला सुखेडच्या बाया, त्या काठाला बोरीच्या. वाजप वाजायला लागतं, आणि दोन्हीकडच्या बाया हात नाचवत, कंबर कसून, एकमेकींना शिव्या घालतात. साध्यासुध्या नव्हेत. कोशवाल्याला एकेका शब्दाला घाम फुटेल. एरवी भावकीत मान खाली घालून चालणारी सून त्या दिवशी ओढ्याच्या पाण्यात उतरून पलीकडच्या बाईचं सगळं कूळ काढते. पोलीस उभे असतात, ते एकमेकींच्या अंगावर कुणी जाऊ नये म्हणून, शिव्या थांबवायला नव्हे. आणि बार संपला की संपला. शब्दाच्या अर्थानं वजन ठरत असतं, तर ही दोन गावं कधीच एकमेकांच्या मुळावर उठली असती.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, पण या सगळ्या शिव्या शेवटी बाईवरच का जातात? 'रांड' म्हणजे मुळात विधवा. नवरा मेलेल्या बाईचं नाव शिवी म्हणून वापरायचं आणि वर 'हलकी आहे हो, मनावर घेऊ नका' म्हणायचं? हा आक्षेप मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. 'रांडेच्या' पुरुषांत हलकं झालं, पण तोच शब्द नवऱ्यानं बायकोला म्हटला की तो कधीच हलका नसतो, हाकेत असला तरी. म्हाताऱ्या एकमेकींना 'रांडं, कुठं हुतीस गं' म्हणतात ते वेगळं. नवऱ्याच्या तोंडी तो शब्द येतो तेव्हा बहुतेक वेळा हात आधीच उगारलेला असतो. म्हणजे कोण कुणाला म्हणतंय, ही खूण बाकीच्या सगळ्या खुणांच्या वर आहे. बरोबरीच्यानं बरोबरीच्याला, नाहीतर जिनं मांडीवर खेळवलं तिनं खेळवलेल्याला म्हटलं, तरच ते हलकं. वरच्यानं खालच्याला म्हटलेली 'हलकी' शिवी हलकी आहे की नाही हे खालच्यानं ठरवायचं. वरच्यानं नव्हे. आणि मुलुख बदलला की हिशोबही बदलतो. कोल्हापूरकडं दोस्तीत चालणारा शब्द दुसरीकडं उच्चारून बघा, दात हातात घेऊन परत याल.

हे मी आजवर तोंडीच सांगत आलो. लिहायची वेळ आली ती दोन प्रसंगांमुळं.

एक तर माझ्या आजीवरचा लेख कुणीतरी हिंदीत नेला. करणारा चांगला शिकलेला तरुण होता, कष्टाळू होता, मला त्यानं शब्दांची यादी करून पाठवली होती. पण कच्चा मजकूर वाचला आणि माझी आजी मला ओळखू येईना. 'मुडद्या'ला त्यानं 'ऐ लाश' केलं होतं. 'रांडेच्या'ला जे केलं होतं ते इथं लिहीत नाही. पानोपानी एक खुनशी बाई नातवंडांच्या मरणाची वाट बघत भाकऱ्या थापत होती. मी फोन केला. तो म्हणाला, "सर, मी अर्थाशी प्रामाणिक राहिलोय." मी म्हटलं, "बाबा, अर्थाशी राहिलास, आजीशी नाही राहिलास." मग त्याला विचारलं, तुझी स्वतःची आजी चिडली की काय म्हणायची? तो मूळचा बनारसकडचा. जरा थांबून हसला आणि म्हणाला, "मुआ." बघा, मुआ म्हणजे मेलेला. हिंदीतल्या म्हाताऱ्यांनी आमचाच शब्द आमच्याच वजनाचा करून ठेवलाय, आणि हा पोरगा घरातलं माप सोडून कोशात शोधत होता. 'रांडेच्या'ला मात्र त्याच्या आजीकडं बरोबर जोडीचं काही निघेना. तिथं मी त्याला सांगितलं की आई-बाई सगळं सोडून दे, तुमच्याकडं लाडानं, कान धरून पोराला जे काही म्हणतात ते घाल. त्यानं कुठं 'शैतान' घातलं, कुठं 'बदमाश'. अर्थ पार गेला. आजी परत आली. फक्त एका ठिकाणी मी त्याला बदलू दिलं नाही. एका सावकाराला आजी पाठमोरी उभी राहून एक शब्द बोलली होती, तो हाकेतला नव्हता. तिथं म्हटलं, आता तुझ्या भाषेतलं जेवढं जड असेल तेवढं घाल, अर्थ जुळो न जुळो.

दुसरा प्रसंग शाळेचा, आणि तो एवढ्यावर मिटण्यातला नव्हता.

शाळेचं नाव घेत नाही, आमच्याच आसपासची. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला मला जुना माणूस म्हणून बोलावलं होतं. विषय होता सहावीतल्या एका मुलाचा. मधल्या सुट्टीत कबड्डी चालली होती. चढाईला आलेला गडी हातातनं निसटला, आणि हा पोरगा आपल्याच जोडीदाराला ओरडला, "भाड्या, सोडलास की रं त्याला!" नवीन आलेल्या गुरुजींनी ते ऐकलं. गुरुजी वाईट नव्हते. पण त्यांनी काय केलं, तर ऑफिसातनं शब्दकोश आणला आणि वर्ग भरल्यावर सगळ्या पोरापोरींसमोर 'भाड' म्हणजे काय आणि त्यावर जगणारा तो कोण, हे वाचून दाखवलं. त्या वर्गात तोवर हा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. आता सगळ्यांना झाला. ज्याला तो शब्द म्हटला होता तो जोडीदार उभा राहून म्हणाला, "गुरुजी, मला राग न्हाय आला." त्याला खाली बसवलं. शिवी ज्याला बसली म्हणतात त्याचीच साक्ष काढायची नाही, असा तो न्याय. मुलाच्या बापाला कामावरनं बोलावून घेतलं, त्यानं घरी जाऊन पोराला चांगलं बडवलं, आणि शाळेच्या रजिस्टरात नोंद झाली, 'अश्लील शिवीगाळ'.

बैठकीत सगळ्यांनी माना डोलवल्या. संस्कार, वळण, हल्लीची पोरं. मी म्हटलं, नोंदीच करायच्या तर आणखी एक राहिली आहे.

त्याच शाळेत सातवीत एक मुलगी होती. ती जन्मली आणि दोन महिन्यांत तिचा बाप विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून गेला. जानेवारीत शाळेत पाहुणे यायचे होते. ओवाळायला मुली निवडल्या, त्यात ती होती. हुशार, स्वच्छ, आवाज चांगला. ताट हातात घेऊन ती दारात उभी राहिली, आणि समितीवरचाच एक माणूस, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, म्हणाला, "तिच्याकडं कशाला दिलं ताट? पांढऱ्या पायाची हाय ती."

मुलीनं ताट शेजारणीच्या हातात दिलं. दिवा विझू नये म्हणून जपून दिलं. मग ती वर्गातही गेली नाही, घरी गेली. त्यानंतर बरेच दिवस ती शाळेत आली नाही. तिच्या आईनं विचारल्यावर पोट दुखतंय म्हणाली.

मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा गुरुजी गोंधळले. म्हणाले, "पण काका, यात शिवी कुठं आहे? पांढरे पाय म्हणजे पांढरे पाय. अश्लील काहीच नाही." आणि कोशाच्या हिशोबानं त्यांचं बरोबर होतं. पांढरा हा रंग आहे, पाय हा अवयव आहे. मग मी एकेक खूण त्यांच्यापुढं मांडली. 'भाड्या' ही हाक होती, 'पांढऱ्या पायाची हाय' हे विधान होतं. पहिलं बरोबरीच्यानं बरोबरीच्याला म्हटलं, दुसरं साठीच्या माणसानं बारा वर्षांच्या पोरीविषयी, तिच्या देखत, तिच्याशी न बोलता. पहिल्यानंतर खेळ पुढं चालू राहिला. दुसऱ्यानंतर शांतता झाली. पहिल्याला पोरगं उलटून शिवी देऊ शकत होतं. दुसऱ्याला उत्तरच नाही, कारण त्यात 'तुझा बाप तुझ्यामुळं मेला' असं म्हटलंय, आणि त्या पोरीनं ते खोटं ठरवायचं कसं? जी शिवी उलटवता येत नाही ती सर्वांत जड. वांझ, अवदसा, पांढऱ्या पायाची, हे सगळे त्याच पोत्यातले शब्द. एकातही घाण नाही. माणूस मारायला पुरेसे आहेत.

याच पोत्यात आणखी एक माल आहे. जातीची नावं. कोशात ती नुसती नावं आहेत, धंद्याची, समाजाची. पण गावात कोणत्या सुरात, कुणाच्या तोंडून, कुणाला उद्देशून ती येतात हे ज्यानं ऐकलंय त्याला त्यांचं वजन सांगावं लागत नाही. कायद्याला ते उशिरा का होईना कळलं. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात लोकांदेखत जातीवरून शिवी देणं हा गुन्हा आहे, त्या शब्दाचा अर्थ अश्लील असो नसो. शिवीगाळीची साधी तक्रार घ्यायचं जुनं कलम 504 होतं, त्यातही शब्द किती घाण हे विचारलेलं नव्हतं. शांतता भंगावी अशा हेतूनं, किंवा ती भंगेल हे माहीत असून अपमान केला का, असं विचारलेलं होतं. कायदा लिहिणाऱ्यांनी आमच्या आजीचाच काटा वापरला होता. ठाण्यातला हवालदार 'घाणेरड्या शिव्या दिल्या' एवढं लिहून मोकळा होतो, तो भाग वेगळा.

बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. ज्यानं तो शब्द उच्चारला होता तो समोरच बसला होता, आणि आता त्याच्या भोवती शांतता झाली होती. शेवटी तो म्हणाला, "मी काय वाईट बोललो? समदं गावच म्हणतंय." मी म्हटलं, "म्हणूनच लिव्हा. दोन्ही लिव्हा, न्हायतर दोन्ही खोडा."

मुख्याध्यापकांनी सुवर्णमध्य काढला. सदस्यांविषयी नोंद करायला रजिस्टरात रकाना नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. ते खरंच नव्हता. गुरुजी मात्र दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरी जाऊन आले आणि पुढच्या आठवड्यात ती शाळेत आली. त्यांनी तिथं काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलाची 'अश्लील शिवीगाळ' रजिस्टरात तशीच आहे. सातवी झाल्यावर मुलीला तिच्या आईनं मामाकडं, तालुक्याच्या गावाला पाठवलं. तिथं तिचा बाप कधी गेला हे कुणाला ठाऊक नाही.